रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी फ्यूम हूड मागणारा ईमेल प्राचार्यांना कसा लिहावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. सॉल्ट अॅनालिसिसच्या दिवसांत लॅबमध्ये काय होतं हे आपल्याला ठाऊक असतं, पण प्राचार्यांच्या टेबलापर्यंत ते पोचतं तेव्हा 'लॅबमध्ये फार वास येतो' एवढंच उरतं. तसं होऊ नये म्हणून ईमेलमध्ये नेमकं काय लिहायचं, ते इथे सांगितलं आहे. नमुन्याचा ईमेलही दिला आहे.

'विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी फ्यूम हूड आवश्यक आहे' एवढं लिहून भागत नाही का?

नाही भागत. प्राचार्यांकडे त्याच आठवड्यात गळक्या छताचा, बंद पडलेल्या पाण्याच्या मोटरचा आणि क्रीडा विभागाचा अर्ज आलेला असतो, आणि प्रत्येकात 'आवश्यक' हा शब्द असतोच. आपला अर्ज वेगळा ठरतो तो तीन गोष्टींमुळे. कोणत्या प्रयोगात कोणता वायू निघतो, तो आपल्या लॅबमध्ये किती साचतो आणि त्याने माणसाला काय होतं. प्राचार्य इतिहासाचे असोत की गणिताचे, या तीन गोष्टी कळायला रसायनशास्त्र लागत नाही.

दहा वायूंची यादीही देऊ नका. दोन निवडा आणि ते नीट समजावून सांगा. माझ्या मते ते दोन म्हणजे हायड्रोजन सल्फाइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा, ब्रोमीन आणि अमोनिया त्रासदायक आहेतच, पण ते लगेच नाकाडोळ्यांना झोंबतात, त्यामुळे मुलं आपोआप मागे सरतात. वरचे दोन वायू माणसाला फसवतात, आणि तेच प्राचार्यांना समजायला हवं.

हायड्रोजन सल्फाइड फसवतो म्हणजे काय?

दुसऱ्या गटाच्या धनायनांसाठी किपच्या उपकरणातून हा वायू सोडतात. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास हवेत दहा लाख भागांत एका भागाहूनही कितीतरी कमी प्रमाणात असताना येतो. त्यामुळे सगळ्यांना वाटतं, की नाक हाच आपला पहारेकरी. पण प्रमाण साधारण १०० पीपीएमच्या पुढे गेलं, की वास घेणारी चेतातंतूंची यंत्रणाच बधिर होते आणि वास येणं थांबतं. प्रमाण कमी असलं तरी तासभर त्याच हवेत राहिलेल्या माणसाला तो जाणवेनासा होतो. 'आता वास गेला सर' असं मुलं म्हणतात तेव्हा वायू गेलेला असतो किंवा नाक थकलेलं असतं, आणि यातलं नक्की काय झालं हे नाकावरून सांगता येत नाही. १०० पीपीएम हाच आकडा अमेरिकेतील निऑश या व्यावसायिक आरोग्य संस्थेने जिवाला तत्काळ धोका म्हणून ठरवला आहे. म्हणजे नाक नेमकं तिथेच साथ सोडतं, जिथे त्याची सर्वांत जास्त गरज असते.

शाळेच्या लॅबमध्ये सगळ्या खोलीत १०० पीपीएम होणं कठीण आहे. पण किपच्या तोंडाशी, वाकून परीक्षानळीत वायू सोडणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यापाशी प्रमाण खोलीच्या सरासरीपेक्षा खूप जास्त असतं. शिवाय हा वायू हवेपेक्षा थोडा जड असल्याने सिंकच्या आणि टेबलाच्या पातळीला रेंगाळतो. ईमेलमध्ये हा फरक प्रामाणिकपणे लिहा. 'संपूर्ण वर्ग बेशुद्ध पडेल' असं लिहिलंत आणि कुणी जाणकाराने ते खोडलं, तर उरलेल्या खऱ्या मुद्द्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

आणि नायट्रोजन डायऑक्साइड?

हा तपकिरी वायू नायट्रेटच्या चाचणीत येतो : चिमूटभर क्षार, संहत सल्फ्युरिक आम्ल, तांब्याचा कीस आणि खाली बर्नर. परीक्षानळीतून तपकिरी धूर वर आला, की मुलं आनंदाने 'नायट्रेट आहे!' असं ओरडतात, आणि तो धूर त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो.

पाण्यात तो हायड्रोजन क्लोराइडसारखा झटकन विरघळत नाही. म्हणून नाका-घशात अडकून राहण्याऐवजी तो फुप्फुसात खोलवर जातो आणि तिथल्या ओलाव्याशी हळूहळू आम्लं तयार करतो. त्या वेळी थोडासा खोकला येतो, एवढंच. मूल घरी जातं, जेवतं, झोपतं. जास्त वायू गेला असेल, तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी साचू लागतं आणि दम लागतो. तोवर पालकांना सकाळच्या प्रॅक्टिकलची आठवणही नसते, आणि डॉक्टरांना कुणी ते सांगत नाही. ईमेलमधलं हे वाक्य प्राचार्य नक्की दोनदा वाचतात. दम्याच्या मुलांना तर याहून कितीतरी कमी प्रमाणातही त्रास होतो. प्रवेश अर्जावर दमा नोंदवलेली मुलं आपल्या बॅचमध्ये किती आहेत ते कार्यालयातून विचारून घ्या आणि फक्त संख्या लिहा, नावं नकोत.

आपल्या लॅबमध्ये किती वायू साचतो हे उपकरणाशिवाय कसं काढायचं?

मोलचं साधं गणित पुरतं. खोली १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ३.५ मीटर उंच धरू. घनफळ २८० घनमीटर, म्हणजे २,८०,००० लिटर. खोलीच्या तापमानाला एक मोल वायू सुमारे २४.५ लिटर जागा व्यापतो.

आता नायट्रेटची चाचणी घेऊ. ०.१ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट म्हणजे सुमारे एक सहस्रांश मोल. त्यातून जास्तीत जास्त तेवढाच नायट्रोजन डायऑक्साइड निघेल, म्हणजे २४ मिलिलिटर. २० मुलांच्या बॅचमध्ये तो ४८० मिलिलिटर होतो. खोलीभर सारखा पसरला तर १.७ पीपीएम. निऑशने १५ मिनिटांच्या संपर्कासाठी सुचवलेली मर्यादा १ पीपीएम आहे. पण वायू आधी त्या मुलाभोवती असतो. एका नळीतले २४ मिलिलिटर एक घनमीटर हवेत मिसळले, तर तिथे २४ पीपीएम होतात. ही चाचणी चमच्याच्या टोकावर येईल तेवढा क्षार घेऊन केली जाते, आणि त्या टोकावर ०.१ ग्रॅमच्या कितीतरी पट क्षार बसतो, हे आपण सगळे जाणतो.

किपच्या उपकरणाचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. एक ग्रॅम फेरस सल्फाइडमधून सुमारे २८० मिलिलिटर हायड्रोजन सल्फाइड निघतो. याच खोलीत तो पसरला तर बरोबर १ पीपीएम. १० ग्रॅम विरघळले तर १० पीपीएम, आणि निऑशने कोणत्याही क्षणी ओलांडू नये म्हणून सांगितलेली मर्यादाही १० पीपीएमच आहे. किपच्या मधल्या गोळ्यात सहज मूठभर तुकडे असतात. तोटी नीट बसली नाही किंवा रबरी नळी ढिली झाली, की आम्ल मागे ढकललं जात नाही आणि वायू निघतच राहतो.

ही आकडेमोड म्हणजे अंदाज आहे, मोजमाप नव्हे. खिडक्या उघड्या असतील तर प्रमाण कमी होईल, पावसाळ्यात सगळं बंद असेल तर या अंदाजाच्या जवळ जाईल. ईमेलमध्ये हेही एका वाक्यात लिहा. आपल्या खोलीची मापं आपणच घ्या, नमुन्यातले आकडे उतरवू नका.

प्राचार्यांना प्रत्यक्ष दाखवता येईल असं काही आहे का?

आहे, आणि ते लॅबमध्येच उपलब्ध आहे. गाळणकागदाच्या पट्ट्या लेड असिटेटच्या द्रावणात बुडवा. दुसऱ्या गटाच्या प्रॅक्टिकलच्या आधी पाच ठिकाणी ओल्या पट्ट्या चिकटवा : किपच्या टेबलावर, सिंकपाशी, मुलांच्या मधल्या टेबलावर, लॅब असिस्टंटच्या खुर्चीजवळ आणि दाराच्या चौकटीवर. हायड्रोजन सल्फाइड लागला, की पट्टी तपकिरी, मग काळी होते. तास संपल्यावर प्रत्येकीवर पेनने जागा आणि वेळ लिहा आणि एका कागदावर चिकटवून फोटो काढा. किपजवळची पट्टी काळी होणारच. पण असिस्टंटच्या खुर्चीजवळची किंवा दाराची पट्टी तपकिरी झालेली दिसली, तर समजावून सांगायला वेगळं काही लागत नाही. यावरून पीपीएम कळत नाहीत, फक्त वायू तिथवर पोचला हे कळतं. शिसं विषारी आहे, म्हणून पट्ट्या हातमोजे घालून हाताळा आणि नंतर हात धुवा. मुलांकडे हे काम देऊ नका.

'एक्झॉस्ट फॅन आहे की!' याला काय उत्तर द्यायचं?

हा प्रश्न येणारच, म्हणून उत्तर ईमेलमध्येच आधी देऊन टाका. भिंतीवरचा एक्झॉस्ट फॅन संपूर्ण खोलीची हवा बदलतो, पण वायू निघाला तिथून भिंतीपर्यंत तो मुलांच्या चेहऱ्यांसमोरूनच ओढला जातो. फ्यूम हूडमध्ये वायू काचेच्या आतच निघतो आणि हवा माणसाच्या पाठीकडून आत जाते, त्यामुळे तो बाहेर यायला वाटच राहत नाही.

हे दाखवायला एक अगरबत्ती पुरते. लॅबमध्ये कोणतंही ज्वालाग्राही द्रावण उघडं नाही याची खात्री करा, फॅन चालू करा आणि मुलं जिथे बर्नर लावतात त्या टेबलावर अगरबत्ती धरा. धूर कुठून कुठे जातो ते प्राचार्यांना उभं राहून पाहू द्या. आमच्याकडे छताचा पंखाही चालू होता, आणि धूर फॅनकडे जाण्याऐवजी पहिल्या रांगेवर गोल फिरत राहिला. त्या दिवशी 'एक्झॉस्ट आहे' हा मुद्दा संपला.

मास्क वाटले तर स्वस्तात काम होणार नाही का?

नाही. कापडी, सर्जिकल किंवा एन-९५ मास्क कण अडवतात, वायू अडवत नाहीत. वायूसाठी वेगळं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो, तो चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो आणि कार्ट्रिज वेळेवर बदलावं लागतं. शाळेत २० मुलांसाठी हे शक्य नाही.

हूड मागण्याआधी आपण स्वतः काय कमी करू शकतो?

ईमेलमधला सर्वांत वजनदार परिच्छेद हाच असतो, कारण शिक्षकांनी आपल्या बाजूने काय केलं हे त्यातून दिसतं. क्लोराइडसाठी क्रोमिल क्लोराइडची चाचणी वर्गात करणं थांबवता येतं. त्यात सहा संयुजी क्रोमियमच्या लाल वाफा निघतात आणि सहा संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे हे सिद्ध झालेलं आहे. सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड ओळखता येतो. नायट्रेटसाठी तांब्याच्या किसाऐवजी तपकिरी वलयाची चाचणी घेता येते. क्षाराचं प्रमाण मोजून ०.१ ग्रॅमच्या आत ठेवता येतं. किपऐवजी हायड्रोजन सल्फाइडचं पाण्यातलं ताजं द्रावण थेंबाथेंबाने वापरता येतं.

पण हे द्रावण कुणीतरी बनवतं, संहत आम्लं कुणीतरी ओततं, आणि मे महिन्यात अमोनियाची बाटली कुणीतरी पहिल्यांदा उघडते. ते बहुतेकदा लॅब असिस्टंट असतात. ते एका बॅचपुरते नव्हे, तर दिवसभर लॅबमध्ये असतात. ईमेलमध्ये त्यांचा उल्लेख मुलांच्या आधी केला तरी चालेल. पर्याय वापरून मुलांचा धोका बराच कमी होतो, तयारीच्या टेबलावरचा होत नाही, आणि हूडची मागणी मुख्यतः तिथून उभी राहते.

कोणता हूड मागायचा?

भिंतीबाहेर नळकांडं जाणारा, म्हणजे डक्टेड. नळकांडं नसलेले, कोळशाच्या फिल्टरचे हूड दिसायला सोपे असतात, पण प्रत्येक फिल्टर ठराविक रसायनांसाठीच असतो, आणि तो भरला हे वेळेत कळलं नाही तर वायू परत लॅबमध्येच येतो. सॉल्ट अॅनालिसिसमध्ये एकाच तासात आम्लवायू, अमोनिया आणि सल्फाइड सगळेच निघतात, म्हणून इथे तो योग्य नाही.

चार फुटी हूड शाळेला पुरतो. डक्ट आणि ब्लोअर पीव्हीसी, पॉलिप्रॉपिलीन किंवा फायबरचे मागा. जस्ताच्या पत्र्याला आम्लाच्या वाफा लवकर भोकं पाडतात. ब्लोअर गच्चीवर हवा, म्हणजे इमारतीतल्या डक्टमध्ये हवेचा दाब कमी राहतो आणि फट पडली तरी वायू खोलीत गळत नाही. धुराचं तोंड गच्चीच्या वर सुमारे तीन मीटर असावं, वरच्या वर्गाच्या खिडकीखाली कधीच नसावं. हूडची जागा दार, खिडकी आणि छताच्या पंख्यापासून लांब निवडा, कारण झुळूक आली की आतली हवा बाहेर येते. आणखी एक गोष्ट विसरली जाते. १.२ मीटर रुंद हूडची काच ४५ सेंटिमीटर उघडी ठेवून अर्धा मीटर प्रतिसेकंद वेगाने हवा ओढली, तर ताशी जवळजवळ ९७० घनमीटर हवा बाहेर जाते, म्हणजे आपल्या खोलीची हवा साडेतीन वेळा. तेवढीच हवा आत यायला झरोके हवेत. बंद खोलीत हूड गुदमरतो आणि दार उघडायला जड जातं.

नमुन्याचा ईमेल द्याल का?

हा घ्या. कंसातल्या जागी आपली माहिती भरा.

> विषय : रसायनशास्त्र प्रयोगशाळेत डक्टेड फ्यूम हूड बसवण्याबाबत
>
> मा. प्राचार्य महोदया,
> सादर नमस्कार.
>
> बारावीच्या सॉल्ट अॅनालिसिसची प्रॅक्टिकल (महिना) मध्ये सुरू होत आहेत. त्यापूर्वी तयारीच्या टेबलाजवळ एक फ्यूम हूड बसवावा, अशी विनंती आहे.
>
> या प्रयोगांत दोन वायूंचा धोका गंभीर आहे. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला, की त्याचा वास येणं थांबतं, त्यामुळे धोका वाढल्याचे नाकाला कळत नाही. (दिनांक) रोजी ठेवलेल्या तपासणी पट्ट्यांपैकी लॅब असिस्टंट यांच्या खुर्चीजवळची पट्टीही काळी पडली. फोटो सोबत जोडला आहे. नायट्रोजन डायऑक्साइडचा परिणाम काही तासांनी, मूल घरी गेल्यावर दिसू शकतो. आपल्या प्रयोगशाळेच्या मापांवरून एका बॅचने नायट्रेटची नेहमीची चाचणी केल्यावर तो सुमारे (आकडा) पीपीएम होऊ शकतो. १५ मिनिटांसाठी सुचवलेली मर्यादा १ पीपीएम आहे. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. बॅचमध्ये दमा असलेले (संख्या) विद्यार्थी आहेत.
>
> आम्ही क्रोमिल क्लोराइडची चाचणी बंद केली असून नायट्रेटसाठी पर्यायी चाचणी घेत आहोत. क्षार आता मोजून दिले जातात. मात्र अभिकर्मके बनवण्याचे काम उघड्या टेबलावरच होते. भिंतीवरील एक्झॉस्ट फॅन वायू मुलांच्या चेहऱ्यासमोरूनच ओढतो. आपल्या सोयीच्या वेळी पाच मिनिटांत ते दाखवू शकेन.
>
> तीन कोटेशन सोबत जोडली आहेत. हूड बसेपर्यंत किपचे उपकरण वापरणार नाही आणि नायट्रेटची नेहमीची चाचणी दाखवायची झाली तर मी स्वतः खिडकीजवळ करून दाखवीन.
>
> आपली विश्वासू,
> (नाव, विषय, विभाग)

ईमेल पुरेसा आहे का, की कागदावरही द्यावं?

दोन्ही करा. ईमेलची प्रत छापून सहीनिशी कार्यालयात द्या आणि आवक क्रमांक घ्या. संस्थेच्या बैठकीत विषय ठेवताना कार्यालयाला कागदच लागतो.

'यंदा पैसे नाहीत' असं उत्तर आलं तर?

आकडा तोडून मागा. या वर्षी गच्चीपर्यंत डक्टची वाट आणि विजेचं कनेक्शन, पुढच्या वर्षी हूड. अनुदानित शाळेत वेतनेतर अनुदानातून काय बसतं हे मुख्य लिपिकांना विचारा, त्यांना ते आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. माजी विद्यार्थ्यांना एखाद्या वस्तूसाठी मदत मागितली तर ते देतात, 'लॅबसाठी मदत' म्हटलं तर विचार करत बसतात. तोपर्यंत किप कपाटात आणि कपाटाला कुलूप. ही अट आपण ईमेलमध्ये लिहिली असेल तर ती पाळा. हूड आला नाही आणि किपही चालूच राहिला, तर पुढच्या पत्राला वजन उरत नाही.

हूड बसवल्यावर तो खरंच काम करतो हे कसं ओळखायचं?

बसवणाऱ्या माणसाकडून काच कामाच्या उंचीवर ठेवून हवेचा वेग मोजून घ्या. साधारण ०.५ मीटर प्रतिसेकंद हवा, आणि उघड्या भागात नऊ-दहा ठिकाणी मोजलेले आकडे एकमेकांच्या जवळचे हवेत. वेग फार जास्त असला तरी बरा नाही, कारण मग काचेच्या कडेशी भोवरे होतात आणि वायू बाहेर येतो. नंतर रोज तपासण्यासाठी काचेच्या खालच्या कडेला टिश्यू पेपरची अरुंद पट्टी चिकटवा. ब्लोअर चालू केल्यावर ती आत झुकली पाहिजे.

उपकरणं काचेपासून १५ सेंटिमीटर आत ठेवा. बाटल्यांची साठवण हूडमध्ये करू नका. मागच्या फटींसमोर बाटल्या रचल्या, की चांगला हूडही बिघडलेल्या हूडसारखा वागतो. आणि तो स्फोट किंवा आम्ल उडण्यापासून पूर्ण वाचवत नाही, म्हणून चष्मे आणि अॅप्रन पूर्वीसारखेच.

वर्षातून एकदा वेग परत मोजून तारखेसह हूडवरच लिहा. आकडा आधीपेक्षा बराच उतरलेला दिसला, तर आधी आत बाटल्या साचल्या आहेत का ते पाहा, मग गच्चीवर जाऊन ब्लोअरचा पट्टा आणि डक्टचे सांधे तपासा.